मदत हवी आहे: क्लिप कापली की सुरुवातीला पडदा काळा, आवाज मात्र येतो

शाईपेन
एका लांब रेकॉर्डिंगमधून छोट्या क्लिपा काढते आहे. कमांड चालते, एरर येत नाही, पण क्लिप लावली की आवाज लगेच सुरू होतो आणि पडदा काळा. सहाएक सेकंदांनी चित्र येतं आणि मग शेवटपर्यंत सगळं ठीक. तीच क्लिप फोनवर लावली तर काळं नाही, पण चित्र गोठलेलं. मूळ फाइल दोन्हीकडे व्यवस्थित चालते. री-एन्कोड नको आहे, पडद्यावरची बारीक अक्षरं पुसट झालेली चालणार नाहीत. क्लिपा उद्या द्यायच्या आहेत. काय करू?

रानवारा
प्लेअर बदलून बघा. एकाच फाइलवर एक काळं दाखवतो आणि दुसरा गोठलेलं, म्हणजे दोष प्लेअरचा. माझ्याकडे हार्डवेअर डिकोडिंग बंद केल्यावर असला त्रास गेला होता.

चकवा
कुठली कमांड? फाइल कसली, कुठून कुठपर्यंत कापली? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजच बांधत बसतील.

शाईपेन
@रानवारा, बंद करून पाहिलं, फरक नाही. @चकवा, एफएफएमपेग. स्क्रीन रेकॉर्डिंग आहे, एमपी४, एच.२६४, २५ फ्रेमचं. ८३.४ सेकंदांपासून ४२ सेकंद हवेत:

```
ffmpeg -i lecture.mp4 -ss 83.4 -t 42 -c copy clip.mp4
```

तिसरा_डोळा
सापडलं. `-ss` हे `-i` च्या आधी टाका. एवढंच. बाकी काही करायची गरज नाही.

मधली_सुट्टी
माझाही आवाज-चित्राचा घोळ चालू आहे. टीव्हीला वायरलेस स्पीकर जोडला की ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. `-itsoffset` ने आवाज सरकवला तर कायमचं जुळेल का?

चकवा
@मधली_सुट्टी, तुमचा उशीर स्पीकरमध्ये आहे, फाइलमध्ये नाही. फाइल बदलली तर बाकी सगळीकडे बिघडेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा उशीर जुळवता येतो का बघा, आणि वेगळा धागा काढा.

जुना_संकलक
शाईपेन, दोष प्लेअरचा नाही आणि फाइलही तुटलेली नाही. क्लिपेत पहिल्या सहा सेकंदांचं चित्रच नाही. आधी हे चालवा, मूळ फाइलमध्ये की-फ्रेम कुठे कुठे आहेत ते दिसेल:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -skip_frame nokey -show_entries frame=pts_time -of csv=p=0 lecture.mp4
```

आणि हे कापलेल्या क्लिपेवर:

```
ffprobe -v error -show_entries stream=codec_type,start_time -of csv=p=0 clip.mp4
```

दोन्हींचं उत्तर इथे टाका. शिवाय फोनवर गोठलेलं चित्र नेमकं कुठल्या क्षणाचं आहे तेही बघा.

शाईपेन
पहिल्यात ०, १०, २०, ३० असे दहा-दहाच्या अंतराने आकडे आले, ८० आणि ९० पण आहेत. दुसऱ्यात व्हिडिओपुढे ६.६००००० आणि ऑडिओपुढे ०.०१३०००. गोठलेल्या चित्रात मेनू उघडलेला दिसतो. पण आवाजात त्या वेळी मी अजून मेनूपर्यंत पोचलेलीच नाहीये! तो नंतर उघडते.

जुना_संकलक
मग उलगडा झालाच. ९० वजा ८३.४ म्हणजे ६.६, आणि क्लिपेतला व्हिडिओ बरोबर ६.६ सेकंदांनी सुरू होतो.

एच.२६४ मध्ये पूर्ण चित्र फक्त की-फ्रेमला साठवलेलं असतं. मधल्या फ्रेम म्हणजे आजूबाजूच्या फ्रेमवरून काय बदललं एवढीच नोंद. ८३.४ ची फ्रेम दाखवायची तर ८० च्या की-फ्रेमपासून साखळी उलगडत यावं लागतं. री-एन्कोड करताना एफएफएमपेग ते करतं. `-c copy` मध्ये मात्र ते काहीच उलगडत नाही, पाकिटं जशीच्या तशी उचलून नव्या फाइलमध्ये ठेवतं. तुमच्या कमांडमध्ये `-ss` मागे आहे, म्हणून ८३.४ च्या आधीची पाकिटं टाकून दिली गेली, त्यात ८० ची की-फ्रेमही गेली. तिच्याशिवाय ८३.४ ते ९० मधल्या फ्रेम निरुपयोगी, म्हणून त्याही वगळल्या आणि चित्र ९० पासून धरलं. आवाजाचं पाकीट जेमतेम २१ मिलिसेकंदांचं आणि त्याला असा लांबचा आधार लागत नाही, म्हणून तो जागच्या जागी सुरू झाला.

आता त्या ६.६ सेकंदांत काय दाखवायचं हे प्लेअर ठरवतो. एक काहीच दाखवत नाही, म्हणून काळं. दुसरा हाताशी असलेली पहिली फ्रेम धरून ठेवतो. तुमचा उघडलेला मेनू म्हणजे ९० व्या सेकंदाची फ्रेम आहे.

रानवारा
म्हणजे काळं की गोठलेलं, हे प्लेअरवर ठरतं हे तरी बरोबर होतं. पण दहा सेकंदांत एकच पूर्ण चित्र? माझ्या बाकीच्या व्हिडिओंत इतकं अंतर दिसत नाही.

जुना_संकलक
ते बरोबर. एक्स२६४ मध्ये की-फ्रेमचं जास्तीत जास्त अंतर मुळात २५० फ्रेम ठेवलेलं आहे, २५ च्या गतीला म्हणजे १० सेकंद. दृश्य एकदम बदललं की तो मधेच की-फ्रेम टाकतो, म्हणून कॅमेऱ्याच्या कापाकापीच्या व्हिडिओत त्या जवळजवळ येतात. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये पडदा बहुतेक स्थिरच असतो, त्यामुळे पूर्ण २५० ची मर्यादा गाठली जाते.

तिसरा_डोळा
मी सांगितलं तेच झालं की. `-ss` आधी टाकलं की तो ८० ची की-फ्रेम धरतो आणि काळं जातं.

शाईपेन
@तिसरा_डोळा, करून बघितलं. लॅपटॉपवर अगदी हवं तिथून सुरू होते! पण ज्यांना द्यायच्या त्यांच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर आधीचं तीनेक सेकंदांचं बोलणं पण येतं. एकाच फाइलची सुरुवात दोन ठिकाणी दोन?

जुना_संकलक
हो, कारण `-ss` आधी टाकल्यावर कॉपीत ८० पासूनचा माल येतो. एमपी४ मध्ये सोबत एडिट लिस्ट लिहिली जाते, म्हणजे 'पहिले ३.४ सेकंद दाखवू नका' अशी सूचना. लॅपटॉपच्या प्लेअरने ती पाळली, एडिटरने पाळली नाही. क्लिप फक्त तुमच्याच प्लेअरवर बघायची असेल तर तिसरा_डोळा यांचा उपाय पुरेसा आहे. दुसऱ्याला द्यायची असेल तर त्यावर विसंबू नये. कापलेला भाग फाइलमध्येच असतो हेही ध्यानात ठेवा, त्यात नको असलेलं काही बोललं गेलं असेल तर ते समोरच्याला ऐकू जाईल.

शाईपेन
बापरे, हे लक्षातच आलं नसतं. मग मार्ग काय? आणि शेवट कसा काय बरोबर येतो? तिथेही मी मधेच कापते आहे ना?

जुना_संकलक
आधार बहुतेक मागच्या फ्रेमचा असतो, म्हणून शेपूट कापलं तर उरलेल्यांचं फारसं अडत नाही. फ्रेमचा साठवायचा क्रम आणि दाखवायचा क्रम वेगळा असल्यामुळे कॉपीत शेवटी एक-दोन फ्रेम मागेपुढे होऊ शकतात, एवढंच.

मार्ग म्हणाल तर ४२ सेकंदांच्या क्लिपेला री-एन्कोडची धास्ती नको:

```
ffmpeg -ss 83.4 -i lecture.mp4 -t 42 -c:v libx264 -crf 18 -preset medium -c:a aac -b:a 160k clip.mp4
```

इथे `-ss` आधीच ठेवा. तो ८० ला जाऊन ८३.४ पर्यंत उलगडतो, मधलं फेकतो आणि पहिलीच फ्रेम की-फ्रेम म्हणून नव्याने लिहितो. अक्षरं पुसट वाटली तर `-crf` १६ करा, फाइल थोडी वाढेल. आवाज `-c:a copy` ठेवायचा मोह होतो, तो टाळा. कॉपी केलेल्या आवाजाला ही नेमकी छाटणी लागू होत नाही, ८३.४ च्या आधीचा आवाज मागे राहू शकतो.

चकवा
एक भर घालतो. `-ss` पुढे आणि `-to` मागे टाकलं तर `-to` मूळ फाइलची वेळ धरत नाही, क्लिपेच्या शून्यापासून मोजतो. `-to 125.4` लिहिलं तर ४२ च्या जागी १२५.४ सेकंदांची क्लिप मिळेल. `-t` च बरं, नाहीतर `-to` सुद्धा `-i` च्या आधी लिहा.

खटपट्या
सगळी क्लिप कशाला री-एन्कोड करता? ८३.४ ते ९० एवढंच नव्याने एन्कोड करायचं, ९० पासून पुढे कॉपी आणि दोन्ही जोडायचं. लॉसलेसकटमध्ये स्मार्ट कट म्हणून सोय आहे. मूळ दर्जा जवळपास सगळा राहतो.

जुना_संकलक
तिथे ती सोय प्रायोगिक म्हणूनच दिली आहे, आणि ते उगाच नाही. एमपी४ मध्ये डिकोडरला लागणारी माहिती साधारणपणे एकदाच, फाइलच्या डोक्यात असते. नव्या तुकड्याचा एन्कोडर मूळच्या एन्कोडरशी जुळला नाही तर जोडावर चित्र फाटतं, तेही एखाद्याच प्लेअरमध्ये. तासाभराचा माल असेल तर खटपट करा. ४२ सेकंदांसाठी मी करणार नाही.

खटपट्या
माझं आजवर फाटलेलं नाही. एकाच रेकॉर्डरचा माल, एकाच सेटिंगवर. शाईपेन यांनी एका क्लिपेवर करून बघायला काय हरकत आहे?

जुना_संकलक
बघावं, फक्त ज्यांना द्यायची त्यांच्या एडिटरमध्ये जोड तपासून.

मधली_सुट्टी
आमच्या ऑफिसात सगळं प्रोरेसमध्ये असतं, तिथे कॉपीनेही कुठेही कापता येतं. तुम्हीही आधी तसं का करून घेत नाही?

चकवा
प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण असते म्हणून. पण आता त्यात बदलायचं म्हणजे अख्ख्या रेकॉर्डिंगचं री-एन्कोड आणि फाइल कितीतरी पट मोठी. त्यापेक्षा पुढच्या वेळी रेकॉर्ड करतानाच की-फ्रेमचं अंतर १ सेकंद ठेवा. ओबीएसमध्ये Keyframe Interval आहे, ० म्हणजे ते आपोआप ठरतं. १ केलं की कॉपीने कापतानाही चूक सेकंदाच्या आत राहते.

शाईपेन
री-एन्कोड केलं, अक्षरं मूळसारखीच दिसतात. सुरुवात त्यांच्या एडिटरमध्येही बरोबर. पण पहिली फ्रेम अगदी तीच आली हे कसं ताडायचं? नजरेने कळत नाही.

जुना_संकलक
तुमचं गणित सोपं आहे. २५ फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेम ४० मिलिसेकंद, ८३.४ वर ० पासून मोजलेली २०८५ वी फ्रेम येते, आणि ४२ सेकंदांत १०५० फ्रेम हव्यात. मोजून बघा:

```
ffprobe -v error -count_frames -select_streams v:0 -show_entries stream=nb_read_frames -of csv=p=0 clip.mp4
```

२९.९७ चा माल असेल तर फ्रेमच्या वेळा अशा गोल येत नाहीत, दिलेल्या वेळेनंतरची पहिली फ्रेम उचलली जाते. तिथे हवी ती फ्रेम निसटू नये म्हणून वेळ अर्धी फ्रेम अलीकडची द्या.

शाईपेन
१०५० आल्या! खूप आभार. आता दुसरं एक रेकॉर्डिंग आहे, एच.२६५ चं. ते मुद्दाम की-फ्रेमवरच, बरोबर ४० व्या सेकंदाला कॉपीने कापलं, तरी सुरुवातीला क्षणभर चित्र अडकतं. इथे तर की-फ्रेम आहे ना?

खटपट्या
लॉसलेसकटमध्ये पुढच्या की-फ्रेमवर सरका, जाईल.

जुना_संकलक
पुढच्या की-फ्रेमवरही तसंच होण्याची शक्यता आहे. एक्स२६५ मुळातच ओपन जीओपी वापरतो. त्यात की-फ्रेमनंतर साठवलेल्या काही फ्रेम दाखवायच्या क्रमात तिच्या आधी येतात, आणि त्यांना आधीच्या गटाचाही आधार लागतो. तो गट कापला गेला की त्या फ्रेम उलगडत नाहीत. तुमच्याकडे हेच झालंय की रेकॉर्डरने दुसरं काही केलंय हे फाइल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मूळ रेकॉर्डिंगमधला ३५ ते ४५ सेकंदांचा तुकडा कॉपीने काढून इथे चढवा, री-एन्कोड न करता.