अनुभव: कॉलेज करताना संध्याकाळच्या कामासाठी लिहिलेला तुमचा पहिला मेल

सईची_आई
काल लेकीने मोबाईल पुढे केला. "आई, वाच आणि सांग पाठवू का." एका रिसॉर्टला संध्याकाळच्या कामासाठी मेल. त्यात 'माझी वेळ फ्लेक्झिबल आहे' वाचलं आणि मला माझं कॉलेज आठवलं. रत्नागिरीत एफवायला असताना सायबर कॅफेत बसून हेच वाक्य मी लिहिलेलं. मला म्हणायचं होतं, कॉलेज सांभाळून जमेल तशी वेळ द्या. मालकाने वाचलं, ही कधीही येते. पहिल्याच मंगळवारी दुपारी 2 ला बोलावणं, आणि माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. नाही म्हटलं तर "मेलात तर लिहिलंयस!" दहा दिवसांत काम गेलं. तुमचं काय झालेलं?

देवगडचो_झील
मेल कसला न काय. एप्रिल उजाडला की काका अंगणातून हाक मारायचे, रात्री 11 पर्यंत पेट्या भरायच्या. पगार म्हणजे डागी आंबे. अजून हापूस बघितला की कंबर दुखते 😂

घरगुती_राहणं
गणपतीपुळ्याच्या बाजूला आमच्या सहा खोल्या आहेत. दिवाळीच्या आधी असे मेल येतात. बहुतेकांत 'मेहनती, होतकरू, शिकायची आवड', आणि कुठल्या वारी किती वाजता येणार हे कुठेच नाही. मग मी फोनच करत नाही, खरं सांगतो.

एका मुलाचा मेल मात्र जपून ठेवलाय. विषयातच होतं: 'संध्याकाळचं काम, सोम ते शुक्र 5.30 ते 8.30, रविवार पूर्ण दिवस'. आत एवढंच:

"एसवाय बीकॉमला आहे. बुधवारी जादा लेक्चर असतं, त्या दिवशी 6 वाजतील. परतीची शेवटची एसटी 8.45 ची, म्हणून 8.30 ला निघावं लागेल. परीक्षेचे साधारण 3 आठवडे येता येणार नाही, टाईमटेबल लागलं की त्याच दिवशी कळवीन. दिवाळीच्या सुट्टीत सकाळी 8 पासून येऊ शकतो. मामाच्या दुकानात दोन वर्षं हिशेबाची वही लिहिली आहे."

आता गंमत बघा. आमची खरी धांदल जेवणाची, 7.30 ते 9.30. म्हणजे त्याची वेळ अर्धीच जुळत होती. पण हे आधी कळलं म्हणून त्याला पंगतीत न घालता चेक-इन आणि बुकिंगच्या फोनवर बसवला. हेच दुसऱ्या आठवड्यात कळलं असतं, तर ऐन जेवणाच्या वेळी 'एसटी चुकेल' म्हणून निघाला असता आणि मी चिडलो असतो.

prof_chiplun
सगळ्या मार्कशीट, दाखले, जातीचं प्रमाणपत्र जोडावं, छाप पडते. विषयाची ओळ नेमकी हवी हे बरोबर. आणि मुलींना संध्याकाळी 7 नंतर कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, मुलीने तसं मेलातच लिहावं.

घरगुती_राहणं
सर, 7 नाही. राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्यात रात्री 9.30 आहे, त्यानंतर मुलीची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. आणि दाखले कशाला? अनोळखी माणसाला आधार-बिधार पाठवूच नये. एक पानाची पीडीएफ पुरे, फक्त तिचं नाव `resume(1).pdf` नको. तशा माझ्या फोनात सात पडल्यात, कुठली कोणाची देव जाणे.

मालवणी_मावशी
अगो बाय, माझ्या भाच्याक पण काम व्हया! खय अर्ज करूचो? बारावी झालो, पोहूक चांगलो येता.

देवगडचो_झील
मावशे, हय काम देनत नाय, अनुभव सांगतत 😄 पण पोहता तर वॉटरस्पोर्ट्सवाल्यांका विचारा. पावसात बंद असता, तेव्हा आताच.

केळशीकर
मी पगार किती ते मेलातच विचारलं होतं. उत्तरच आलं नाही. मित्राने विचारलं नाही, तर त्याला महिनाभर 'बघू' करून शेवटी चहापाण्यापुरते दिले. अजून कळलं नाही कोण शहाणा.

घरगुती_राहणं
माझ्यापुरतं सांगतो, पहिल्या मेलात नको, पण फोनवर 'तासावर की महिन्यावर' हे विचाराच. दुसरे मालक काय म्हणतील माहीत नाही.

सईची_आई
लेकीने 'फ्लेक्झिबल' खोडलं. आता लिहिलंय: मंगळ-गुरु-शनि 5 ते 8, रविवार 10 ते 6. गणपतीत येणार की नाही यावर घरात भांडण चालू आहे. ती म्हणते दीड दिवसाचे आपले, तिसऱ्या दिवसापासून येते असं लिहू. आजी म्हणते गौरी कोण करणार!

मालवणी_मावशी
आजीचा बरोबर आसा.

केळशीकर
ती 8.45 ची एसटी अजून आहे का हो? आमच्याकडची 8 ची दोन महिने झाले कधी येते कधी नाही. ते कसं लिहायचं मेलात?