टेटनी, धनुर्वात, आकडी, पेटका: कोणता शब्द कशासाठी?

नेरुळची विद्यार्थिनी
मेडिकल-सर्जिकलची परीक्षा तोंडावर आली आहे. आमच्यातल्या एकीने नोट्स मराठीत उतरवताना 'टेटनी'समोर 'धनुर्वात' लिहिलं. दुसरीने तेवढ्यावरून नर्सिंग कृतीत 'अंधारी शांत खोली, जखमेची स्वच्छता, लस' असं लिहूनही टाकलं. मला हे चुकीचं वाटतंय, पण योग्य शब्द सुचत नाही. पेटका म्हणायचं, आकडी म्हणायचं, की टेटनीच ठेवायचं?

नौपाड्याचे निवृत्त शिक्षक
घोटाळा कुठून आला ते कळण्यासारखं आहे. टेटनी आणि टिटॅनस हे दोन्ही शब्द 'ताणलेला' अशा अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दावरून आले. त्यामागचा ग्रीक धातू आणि आपला 'तन्' हे सख्खे भाऊ. ताण, ताणणे, तंतू ही सगळी त्याच घरातली मंडळी. पण मराठीने धनुर्वात हा शब्द धनुष्यासारख्या वाकलेल्या पाठीवरून घेतला. टेटनीत पाठ अशी वाकते का, ते वॉर्डात काम करणाऱ्यांनी सांगावं.

ठाणे, नाइट ड्युटी
टेटनीत पाठीपेक्षा हात बघायचा, सर. धनुर्वात जखमेतून शिरलेल्या जंतूच्या विषाने होतो आणि त्यात बहुतेकदा जबडा आधी बसतो. टेटनी रक्तातलं कॅल्शियम घटल्याने होते, सुरुवात ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येण्याने होते. एकीला लस लागते, दुसरीला शिरेतून कॅल्शियम. म्हणून या नोट्समधली चूक नुसती भाषेची नाही.

ऐरोलीकर
मग आकडीच म्हणा की. कॅल्शियम कमी झालं की नसा कमजोर होतात आणि झटके येतात. गालावर टिचकी मारायची, ओठ उडाला की निदान पक्कं. आम्हाला असंच शिकवलं होतं.

ठाणे, नाइट ड्युटी
दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. कॅल्शियम फारच खाली गेलं तर खरी आकडीही येते, म्हणून पलंगाचे कठडे वर करून ठेवतो. पण टेटनीतला माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, 'माझा हात असा का झाला' असं विचारतो. आकडी म्हटलं की बहुतेकांना शुद्ध हरपलेला माणूस दिसतो.

नसा कमजोर होत नाहीत, उलट चिडक्या होतात. नसेत सोडियम शिरण्याच्या वाटांवर कॅल्शियमचा पहारा असतो. तो घटला की नस जराशा धक्क्यानेही पेटते.

आणि टिचकीने निदान पक्कं होत नाही. कानाच्या पाळीच्या पुढे, गालाच्या हाडाखाली टिचकी मारून ओठाचा कोपरा उडतो का बघायचं, ही ख्वोस्तेकची खूण. पण ती कॅल्शियम व्यवस्थित असलेल्या काही माणसांतही दिसते आणि कमी असलेल्या काहींत दिसत नाही. जास्त भरवशाची ती ट्रूसोची.

नेरुळची विद्यार्थिनी
सिस्टर, ट्रूसो नेमकी कशी करायची? दंडावरचा बीपीचा पट्टा किती फुगवायचा यावर आमच्यात वाद आहे.

ठाणे, नाइट ड्युटी
एका रात्रीचंच सांगते. थायरॉइड काढलेली बाई, ऑपरेशननंतरची दुसरी रात्र. याच सुमारास कॅल्शियम घसरतं, कारण थायरॉइडला चिकटलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावलेल्या असतात. संध्याकाळच्या नोंदीत एवढंच होतं: 'पेशंटला मुंग्या, पाय चोळून दिले.' मी विचारलं, "मावशी, मुंग्या कुठे?" त्यांनी ओठांभोवती बोट फिरवलं आणि दोन्ही हातांची बोटं दाखवली. पाय अवघडून येणाऱ्या मुंग्या अशा दोन्हीकडे सारख्या आणि तोंडाभोवती नसतात.

त्यांचं बीपी १२० वर ८०. पट्टा वरच्या आकड्याच्या २० वर, म्हणजे १४० ला नेऊन धरला. ३ मिनिटं धरायचा असतो, पण दुसऱ्या मिनिटालाच मनगट खाली वळलं, बोटं मुळाशी दुमडली, पुढे मात्र ताठ, आणि अंगठा तळव्याकडे आत गेला. पट्टा लगेच सोडला. खूण मिळाल्यावर ताटकळत ठेवू नका, फार दुखतं.

मग मी त्यांना सोडून हलले नाही. दुसऱ्या सिस्टरला डॉक्टरांकडे पिटाळलं, उशाकडची बाजू उंच केली आणि त्यांना बोलतं ठेवलं. आवाज घोगरा होतोय का, श्वास आत घेताना शिट्टी वाजते का, हे ऐकायचं होतं, कारण हाच पेटका स्वरयंत्राला येऊ शकतो. गळ्याची पट्टीही उघडून पाहिली. आत रक्त साचलं तरी श्वास असाच अडतो, आणि त्याचा इलाज वेगळा. ऑक्सिजन, सक्शन आणि ट्रेकिओस्टोमीचा ट्रे शेजारी ठेवला.

ईसीजीत क्यूटी लांबलेला होता. रक्त पाठवलं, पण रिपोर्टसाठी थांबलो नाही. डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, ५० मिली डेक्स्ट्रोजमध्ये, १० मिनिटांहून जास्त वेळ घेऊन, मॉनिटर लावून दिलं. नाडी मंदावू लागली तर थांबवायचं. सुईची जागा सतत बघायची, औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी सडते. त्याच लाइनमधून बायकार्ब द्यायचं नाही, खडूसारखा साका होतो. रिपोर्टात कॅल्शियम आलं ६.८.

ऐरोलीकर
पण अल्ब्युमिन कमी असेल तर तो आकडा फसवा ना?

ठाणे, नाइट ड्युटी
हो, हे अगदी बरोबर. त्यांचं अल्ब्युमिन ३ होतं. ४ पेक्षा जेवढं कमी, त्याला ०.८ ने गुणून मिळवायचं. म्हणजे ७.६, आणि साधारण ८.५ च्या खाली ते कमीच. आयोनाइज्ड कॅल्शियम मिळत असेल तर हा हिशेब लागतच नाही.

घोडबंदर रोड
जरा वेगळं विचारतो. ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत मी घाबरलो, भराभर श्वास घेऊ लागलो आणि बोटं तुम्ही सांगितली तशीच वळली. कॅल्शियम ९.४ आलं. रिपोर्ट चुकला असेल का? आईलाही रात्री पोटरीत गोळा येतो, तिला गोळ्या सुरू करू का?

ठाणे, नाइट ड्युटी
रिपोर्ट बरोबर असू शकतो. भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कली होतं आणि मोकळं कॅल्शियम अल्ब्युमिनला जास्त चिकटतं. एकूण आकडा तोच, नसेला मिळणारं कमी. श्वास हळू झाला की बोटं सुटतात. कागदी पिशवी मात्र तोंडाला लावू नका, त्रास फुप्फुसाचा किंवा हृदयाचा असेल तर ऑक्सिजन घसरेल. पण छाती दुखत असेल किंवा पुन्हा असं झालं तर डॉक्टरांना दाखवा. आईंच्या पोटरीत गोळा येण्याची कारणं बरीच असतात. तपासल्याशिवाय काही सुरू करू नका.

नेरुळची विद्यार्थिनी
आणि कॅल्शियम वाढलं की याच्याहून जास्त झटके, असंच ना? 'हायपर' आहे म्हणून.

ठाणे, नाइट ड्युटी
बघा, इथे बोलीतला 'हायपर' दगा देतो. 'बॉस हायपर झाला' म्हणजे भडकला. हायपरकॅल्सीमियातला माणूस उलट ढिला पडतो. सुस्ती, तहान, खूप लघवी, बद्धकोष्ठ, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय जेमतेम हलतो, क्यूटी आखूड. तिथे सलाइन, आत-बाहेरचा हिशेब, मुतखड्यावर नजर आणि झेपेल तेवढं चालवणं. पडून राहिलं की हाडांतून आणखी कॅल्शियम उतरतं.

नौपाड्याचे निवृत्त शिक्षक
मग टेटनीला 'ताणपेटका' कसा वाटतो? वळलेला हातही त्यात दिसतो.

ऐरोलीकर
सर, आमच्याकडे पेटका म्हणजे पोटरीतलाच. काहीजण त्याला वांब म्हणतात. तोंडाभोवतीच्या मुंग्या त्यात कुठे बसतात?

ठाणे, नाइट ड्युटी
मीही टेटनीच लिहीन. पण त्याच्याशेजारी पेशंटचे शब्द जसेच्या तसे, जागेसह: 'ओठांभोवती, दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या, रात्री २.१०.' त्या संध्याकाळच्या नोंदीत 'कुठे' एवढंच असतं तर कॅल्शियम सहा तास आधी मिळालं असतं.

नौपाड्याचे निवृत्त शिक्षक
ताणपेटक्याचा हट्ट नाही. मुंग्यांसकट सगळं सामावेल असा शब्द कुणाच्या बोलण्यात असेल तर जरूर कळवा.