शब्दचर्चा : ‘नवलोकप्रशासन’ आणि ‘नवलोकव्यवस्थापन’

पाटीपेन्सिल : हे दोन शब्द एकाच गोष्टीचे का? दोन्हींखाली ‘जुन्या नोकरशाहीवर टीका’ एवढंच वाचायला मिळतं.

निमसरकारी : एकच हो. ‘प्रशासन’ जुनाट वाटायला लागलं, म्हणून ‘व्यवस्थापन’ आलं. टीका तीच.

जुनाजाणता : टीकेचं लक्ष्य एक, पण तक्रारी जवळजवळ उलट्या आहेत. ‘नवलोकप्रशासन’ १९६८च्या मिनोब्रुक परिषदेतून आलं. ड्वाइट वाल्डो यांच्या पुढाकाराने तिथे तरुण अभ्यासक जमले होते. काटकसर आणि कार्यक्षमता पुरेशी नाही, कारभाराचा लाभ कोणाला मिळतो तेही पाहा, असं त्यांचं म्हणणं. ‘नवलोकव्यवस्थापन’ हे नाव क्रिस्टोफर हूड यांच्या १९९१च्या लेखाने रूढ केलं. त्यात भर मोजता येणाऱ्या कामगिरीवर, कंत्राटांवर आणि स्पर्धेवर.

फरक असा तपासा. समजा, कचरा उचलायचं काम कंत्राटदाराला दिलं आणि पैसे टनामागे ठरवले. टन वाढले, टनामागचा खर्च उतरला, म्हणजे नवलोकव्यवस्थापनाच्या हिशेबात काम फत्ते. पण टनावर पैसे मिळत असतील तर गाडी रुंद रस्त्यांवरच फिरते, अरुंद गल्ल्या राहून जातात, आणि वजन भरावं म्हणून राडारोडाही चढतो. एकूण टनांच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. गल्लीनिहाय फेऱ्यांची नोंद ठेवली तरच कळतं. ‘कोणती गल्ली राहिली?’ हा नवलोकप्रशासनाचा प्रश्न.

निमसरकारी : टनांबरोबर फेऱ्याही कंत्राटात घातल्या की झालं! मग दोन्ही एकत्रच आले ना?

जुनाजाणता : घालता येतात, घालतातही. पण कोणत्या गल्लीत किती फेऱ्या हे ठरवणं म्हणजे कोणाला किती द्यायचं हे ठरवणं. ते कंत्राटाच्या कलमात लपवलं तरी निर्णय राजकीयच राहतो.

अनुवादघर : मग माझं चुकतंय का? वुड्रो विल्सन यांच्या १८८७च्या निबंधाचा अनुवाद करतेय. प्रशासनाचं क्षेत्र हे व्यवसायाचं क्षेत्र आहे, असं ते म्हणतात, म्हणून मी सगळीकडे ‘व्यवस्थापन’ घातलंय.

जुनाजाणता : मूळ प्रश्न तो नव्हता, पण मुद्दा चांगला काढलात. त्या वाक्यापुरता तुमचा कान बरोबर आहे. खुनी माणूस सुरीला सफाईने धार लावत असेल, तर त्याचा हेतू न घेता धार लावायची रीत घेता येते, असंही ते त्याच निबंधात सांगतात. रीत वेगळी, हेतू वेगळा. तरी ‘प्रशासन’च ठेवा. नाहीतर शंभर वर्षांनी शब्द का बदलला, हे वाचकाला दिसणारच नाही.

पाटीपेन्सिल : आणि त्यानंतरचं ‘गव्हर्नन्स’? ‘सुशासन’ चालेल?

जुनाजाणता : नको. ‘सु’ लागला की कारभार चांगला हे आधीच ठरून जातं. सरकार, संस्था आणि नागरिक मिळून कारभार कसा चालवतात, एवढंच सांगायचंय. मी ‘शासनव्यवहार’ लिहितो.

अनुवादघर : त्यातही ‘शासन’ म्हटलं की सरकारच डोळ्यापुढे येतं. ‘कारभार’ का नको?