'बरी आहे', 'ठीक आहे' की 'चाललंय'?

अडलेली_अनुवादक: एका कथेचा अनुवाद करतेय. नवरा जाऊन महिना झालेल्या बाईला जिन्यात शेजारीण विचारते, "कशी आहेस?" बाईला खोटं बोलायचं नाही आणि जिन्यात रडायचंही नाही. मी "ठीक आहे" लिहिलं, संपादकांनी खोडून "बरी आहे" केलं. मला ते तापातून उठल्यासारखं वाटतं.

जुनी_वही: वाटणारच. मी एकदा साहेबांना "बरा आहे" म्हणालो, तर म्हणाले, "का, काय झालं होतं?" पण आधी 'तशी' लावून बघा. "तशी बरी आहे." ज्याला ऐकायचंय तो विचारतो, "तशी म्हणजे?" बाकीचे पुढे जातात.

मायबोलीचा_कैवारी: 'यथातथा' हा नेमका शब्द असताना 'ठीकठाक'ची हिंदी भेसळ हवीच कशाला?

जुनी_वही: संस्कृतात 'यथातथम्' म्हणजे जसं आहे तसं, अगदी खरं. मराठीत त्याचं जेमतेम झालं. आणि यथातथा तब्येत असते, नाटक असतं. "मी यथातथा आहे" असं कोण म्हणतं हो?

कैवारी: मग "काय हाल?" विचारतात त्यातला 'हाल'ही परकाच!

जुनी_वही: आहेच, अरबी. मूळ अर्थ नुसती स्थिती. त्याचंच अनेकवचन 'अहवाल'. आपण एकाचे सोसायचे हाल केले आणि दुसरा कचेरीत सादर करतो.

पाठदुखी: मी सहा महिने पाठीने हैराण आहे, तरी सगळ्यांना "मजेत" सांगतो. पुढे कुणी काही विचारतच नाही. माझं काय चुकतं?

कैवारी: 'मजा' फारसी आहे.

पाठदुखी: पाठ मराठीच दुखतेय.

सुमीची_आई: आमच्या आजोबांच्या पत्रात पहिली ओळ "इकडील सर्व क्षेम" आणि तिसऱ्या ओळीत "सौ. पंधरा दिवस अंथरुणाला खिळून आहे". आधी क्षेम, मग खरं.

रोखठोक: "चाललंय" लिहा. विषय संपला.

जुनी_वही: शब्द चांगला आहे, पण का ते बघा. 'बरी आहे'मध्ये बाई स्वतः आहे. 'चाललंय' नपुंसकलिंगी, काय चाललंय ते सांगावंच लागत नाही. बोलणारी वाक्यातून बाजूला होते. तोटा एवढाच की धडधाकट माणूसही "चाललंय"च म्हणतो, त्यामुळे शेजारणीला काहीच कळणार नाही.

अडलेली_अनुवादक: तिला कळायला नकोच आहे बहुधा. मग "बरंय" कसं वाटतं? लिंगाचा प्रश्न मिटतो आणि निरोप घेतानाही आपण तेच म्हणतो. "बरंय" म्हणत ती दोन पायऱ्या खाली उतरेल.

जुनी_वही: जमेल. पण "बरंय, बघून घेईन"मधलाही तोच आहे. सूर कागदावर कसा आणणार?

रोखठोक: मूळ भाषेत ती काय म्हणते ते सांगितलंच नाहीत तुम्ही.

कैवारी: आणि 'जिना'ही फारसी. 'सोपान' लिहा.

पाठदुखी: सोपान चढूनच पाठ गेली माझी.