मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात शिसे ०.०३८ आले आहे, बोअर बंद करावा का?

वैशाली_यावल (सोमवार, रात्री ९.४०)
आमच्या घरच्या पाण्याचा तपासणी अहवाल आज हाती आला. त्यात शिसे ०.०३८ मिलिग्रॅम प्रतिलिटर असे लिहून त्याखाली लाल रेघ ओढली आहे, आणि शेजारी मर्यादा ०.०१ दिली आहे. आर्सेनिक आणि पारा यांच्यापुढे 'आढळले नाही' असे आहे. प्रयोगशाळेत फोन केला तर 'आमचे काम मोजण्याचे, उपाय तुम्ही बघा' असे उत्तर मिळाले. सासरे म्हणतात की हा बोअर बुजवून दुसरा घ्यावा. त्याला दोन-अडीच लाख रुपये लागतील. बोअर बुजवावा की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

पाटीलभाऊ_रावेर (रात्री १०.०५)
ताई, हे सगळे केळीला टाकलेल्या खतांचे आणि औषधांचे पाप आहे. चाळीस वर्षे आपण जमिनीत जे ओतले, ते आता वर येते आहे. नवा बोअर घेतला तरी त्याच जमिनीतून पाणी येणार. माझ्या शेतातल्या बोअरला पाचशे फुटांखाली पाणी लागले, आणि ते इतके जड आहे की ठिबकच्या नळ्या दर हंगामात ॲसिडने धुवाव्या लागतात. नळ्या धुण्याचे प्रमाण हवे असेल तर सांगतो.

टीडीएसवाला_धुळे (रात्री १०.२०)
टीडीएस किती आहे ते आधी सांगा. पाचशेच्या आत असेल तर बिनधास्त प्या. मी अकरा वर्षे मीटर घेऊन गावोगाव फिरतो आहे. प्रयोगशाळावाले घाबरवण्यासाठीच लाल रेघा ओढतात.

वैशाली_यावल (रात्री १०.३१)
टीडीएस ३८० आहे. ठिबकच्या नळ्यांचे मी काहीच विचारलेले नाही.

सेवानिवृत्त_रसायनज्ञ (रात्री ११.१०)
वैशालीताई, बोअर बुजवण्याचा निर्णय आज घेऊ नका. अहवालातला आकडा बाटलीतल्या पाण्याचा असतो, आणि ते पाणी बोअरमधून बाटलीपर्यंत कोणत्या वाटेने आले हे अहवाल सांगत नाही. म्हणून आधी एवढे कळवा. नमुना बोअरच्या तोंडाशी घेतला, टाकीतून घेतला की स्वयंपाकघरातल्या तोटीतून? किती वाजता घेतला आणि त्याआधी पाणी सोडले होते का? घरातली पाइपलाइन कोणती आहे आणि अलीकडे काही बदलले आहे का? तसेच घरात लहान मूल आहे का, हेही सांगा.

धुळ्याच्या मित्रांना एकच सांगतो. तुमचा मीटर एका लिटरात ३८० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार दाखवतो, आणि आपण ०.०३८ मिलिग्रॅमविषयी बोलतो आहोत, म्हणजे त्याच्या दहा हजाराव्या भागाविषयी. पोत्यात एक दाणा कमी-जास्त झाला तर तो काट्यावर दिसत नाही. टीडीएस ८० असलेल्या पाण्यातही शिसे असू शकते आणि टीडीएस १२०० असलेल्या पाण्यात ते मुळीच नसू शकते.

टीडीएसवाला_धुळे (रात्री ११.१८)
मग आरओ बसवा, सगळा प्रश्न मिटेल. आरओने शिसेही जाते, हे तरी मान्य आहे ना?

सेवानिवृत्त_रसायनज्ञ (रात्री ११.२६)
आरओचे पटल चांगले असेल तर शिसे बऱ्याच अंशी जाते, हे मान्य आहे. परंतु शिसे कुठून येते हे न पाहता यंत्र बसवले, तर यंत्र बिघडल्याच्या दिवशी कोणाला काही कळणारच नाही.

वैशाली_यावल (मंगळवार, सकाळी ७.१५)
नमुना मीच घेतला. पहाटे पाच वाजता बाळाच्या दुधासाठी पाणी काढायला उठते, तेव्हा स्वयंपाकघरातल्या तोटीतूनच बाटली भरली. शीतपेयाची रिकामी बाटली होती, पण धुऊन घेतली होती. टाकी गच्चीवर सिमेंटची आहे. टाकीपासून खाली साधारण चाळीस फूट जुना जीआय पाइप आहे. चार महिन्यांपूर्वी ओटा नवा केला तेव्हा तोटी बदलली, ती पितळेची असून वर चकचकीत मुलामा आहे. बोअर २८० फुटांचा आहे. बाळ सात महिन्यांचे असून पावडरचे दूध घेते. पाणी आम्ही वीस मिनिटे उकळतो, त्यामुळे त्याची काळजी नाही.

सेवानिवृत्त_रसायनज्ञ (सकाळी ७.५०)
ताई, बाळाचा उल्लेख तुम्ही शेवटी केलात, पण तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. उकळल्याने जंतू मरतात, शिसे मात्र मरतही नाही आणि वाफेबरोबर उडूनही जात नाही. वीस मिनिटांत पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढलेलेच असते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या रक्तात साधारण दहावा हिस्सा उतरतो, तर तान्ह्या बाळाच्या बाबतीत तो निम्म्याजवळ जाऊ शकतो. पावडरचे दूध म्हणजे बहुतांश पाणीच. आजपासून बाळाचे पाणी त्या तोटीतून काढू नका. मोटर सुरू करून थोडे पाणी सोडून द्या आणि मग बोअरच्या तोंडाशी भरलेले पाणी उकळून वापरा. सध्या संशय बोअरपेक्षा तोटीवर जास्त आहे. मात्र तिथल्या पाण्याचा अहवाल येईपर्यंत ही सोय तात्पुरतीच समजा, आणि खात्रीचे बाटलीबंद पाणी मिळत असेल तर त्याहून उत्तम.

पितळ कातायला सोपे जावे म्हणून त्यात शिसे मिसळण्याची पद्धत जुनी आहे. जीआय पाइपावरच्या जस्ताच्या थरातही थोडे शिसे असू शकते. रात्रभर सात-आठ तास पाणी तोटीत आणि पाइपात स्थिर राहते, आणि पहाटेचा पहिला पेला नेमका त्या पाण्याचा असतो. तुम्ही नमुनाही त्याच वेळी घेतला आणि बाळाचे पाणीही त्याच वेळी काढता.

पाटीलभाऊ_रावेर (सकाळी ८.३०)
सर, तुमचे म्हणणे ऐकून घेतले, पण आमच्या भागातले पाणी जड आहे. पाइपाच्या आतून बोटभर क्षार बसतो. पाणी धातूला लागतच नाही, मग शिसे येईल कुठून? ते जमिनीतूनच येत असणार.

सेवानिवृत्त_रसायनज्ञ (सकाळी ९.०५)
भाऊ, तुमचे निम्मे बरोबर आहे. जुन्या पाइपावर क्षाराचा थर बसला की तो काही प्रमाणात आडोसा करतो. पण ती तोटी चार महिन्यांची आहे, तिच्यावर तो थर अजून धरलेला नसेल, आणि नवे पितळ सुरुवातीलाच जास्त शिसे सोडते. दुसरे असे की जुन्या थरात शिसे अडकून राहते आणि पाइप हलवला की खपल्या सुटतात. ओटा बदलताना पाइप हलला असणारच.

आता जमिनीविषयी. शिसे मातीला, विशेषतः आपल्या चिकण काळ्या मातीला, घट्ट चिकटते. पाणी आम्लधर्मी नसेल तर ते सहसा खाली उतरत नाही. २८० फुटांवर ते पोहोचणारच नाही अशी शपथ मी घेणार नाही, कारण केसिंगच्या बाजूने वरचे पाणी थेट बोअरमध्ये गळत असेल किंवा जवळ जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम चालत असेल तर चित्र बदलते. फॉस्फेटच्या खतांतून येणाऱ्या धातूंत चिंता मुख्यतः कॅडमियमची असते.

सराफगल्ली_जळगाव (सकाळी १०.४०)
माझाही प्रश्न याच धाग्यात विचारतो. आमच्या वाड्यात जुना आड आहे. पलीकडच्या घरात पूर्वी झारेकरी सोनारांच्या दुकानातली माती धुऊन त्यातले सोने पाऱ्याने काढत असत. आता आमच्या आडातही पारा असेल का? वैशालीताईंच्या अहवालात तो आलेला नाही, मग आमच्याही पाण्यात नसावा असे धरावे का?

सेवानिवृत्त_रसायनज्ञ (सकाळी ११.१५)
यावलच्या अहवालावरून जळगावच्या आडाचा अंदाज बांधता येणार नाही. पाऱ्याची मर्यादा ०.००१ आहे, शिशाच्याही दहापट खाली. त्यासाठी वेगळी पद्धत लागते आणि नमुना काचेच्या बाटलीत प्रयोगशाळेने दिलेले परिरक्षक घालून द्यावा लागतो, कारण साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून पारा निसटतो. तुमच्या बाबतीत मला पाण्यापेक्षा हवेची चिंता जास्त वाटते. ज्या खोलीत पारा तापवला गेला, तिथल्या भेगांत तो साचून राहतो आणि त्याची वाफ श्वासातून आत जाते. त्यासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

या निमित्ताने वैशालीताई, तुमच्या अहवालात आर्सेनिकसमोर मोजणीची किमान मर्यादा किती लिहिली आहे ते पाहा.

वैशाली_यावल (दुपारी १.२०)
बारीक अक्षरांत ०.०५ लिहिले आहे.

सेवानिवृत्त_रसायनज्ञ (दुपारी १.४५)
म्हणजे ०.०५ पेक्षा कमी असेल ते त्या पद्धतीला दिसतच नाही, आणि पिण्याची मर्यादा मात्र ०.०१ आहे. तेव्हा तुमच्या अहवालातल्या 'आढळले नाही' या शब्दांचा अर्थ 'नाही' असा होत नाही. आपल्या काळ्या खडकाच्या प्रदेशात आर्सेनिकची शक्यता गंगेच्या खोऱ्याइतकी मानली जात नाही, तरीही पुढच्या वेळी ०.०१ च्या खाली मोजू शकणारी प्रयोगशाळा निवडा.

आता तीन बाटल्या घ्या, त्याही प्रयोगशाळेकडूनच. त्या ॲसिडने धुतलेल्या असतात आणि नमुन्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब घालतात. ते घातले नाही तर शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटते आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. त्यामुळे शीतपेयाच्या बाटलीमुळे ०.०३८ हा आकडा फुगला, असे मी म्हणणार नाही. पहिली बाटली पहाटे तोटीच्या पहिल्या पाण्याची भरा. दुसरी त्याच तोटीतून पाच मिनिटे पाणी सोडून मग भरा. एक इंची पाइपाच्या चाळीस फुटांत साधारण सहा लिटर पाणी मावते, तेव्हा बादलीने मोजून त्याहून जास्त पाणी सोडल्याची खात्री करा. तिसरी बाटली मोटर अर्धा तास चालवून बोअरच्या तोंडाशी भरा.

नंदुरबारची_मावशी (दुपारी ३.००)
बाळाच्या रक्ताचीही तपासणी करून घ्या. शिसे हळूहळू साचते आणि वरून काहीच दिसत नाही. आमच्या शेजारच्या मुलाचे पोट सतत दुखे, तो चिडचिडा झाला होता, आणि वर्षभर सगळे जंताचे औषध देत बसले. त्यांच्याकडे कारण कल्हईच्या भांड्याचे निघाले, पाण्याचे नव्हे.

सेवानिवृत्त_रसायनज्ञ (दुपारी ३.२५)
मावशींचा सल्ला योग्य आहे. बालरोगतज्ज्ञांना शिरेतून रक्त घेऊन शिशाची पातळी तपासायला सांगा. एका डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आले, तर स्रोत शोधून थांबवावा असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन आहे. बरोबर हिमोग्लोबिनही पाहा, कारण लोह कमी असलेले मूल शिसे जास्त शोषते.

वैशाली_यावल (पुढचा मंगळवार, रात्री ८.५०)
अहवाल आले. पहाटेचे पहिले पाणी ०.०४१, पाच मिनिटांनंतरचे ०.०१२, बोअरच्या तोंडाशी ०.००३. आर्सेनिक या वेळी नव्या पद्धतीने मोजले, ते ०.००२ आहे. सासऱ्यांनी बोअर बुजवायचा विचार सोडला. उद्या तोटी बदलायला माणूस येतो आहे. बाळाच्या रक्ताचा अहवाल अजून यायचा आहे.

टीडीएसवाला_धुळे (रात्री ९.०५)
आता तरी आरओ घ्या. ०.०१२ म्हणजे मर्यादेच्या किंचित वरच तर आहे.

सेवानिवृत्त_रसायनज्ञ (रात्री ९.३०)
या वेळी मी त्यांच्याशी भांडणार नाही, बाळासाठी तोपर्यंत यंत्र असायला हरकत नाही. पण ताई, तोटी बदलून हे संपत नाही. बोअरला ०.००३ आहे आणि पाइप धुतल्यावरही ०.०१२ आहे. हा मधला ०.००९ तोटीचा नाही, कारण वाहत्या पाण्याला तोटीत थांबायला वेळच मिळत नाही. बोअरपासून टाकीपर्यंत जाणारा पाइप कशाचा आहे, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही. जुन्या पीव्हीसीतही शिशाचे मिश्रण असे. टाकीच्या तळाशी साचलेला गाळही तपासायला हवा. चौथी बाटली टाकीच्या तोंडाशी भरा.

वैशाली_यावल (रात्री ९.४२)
पाइप पांढरा आहे, लग्नाआधीचा. टाकी शेवटची कधी धुतली ते सासऱ्यांना विचारते.