मदत हवी आहे: ४ वर्षांचं मूल, सलाईन ताशी ४८ की ५०?

रात्रपाळी_इंटर्न: लवकर सांगा प्लीज. ४ वर्षांचा मुलगा, तोंडाने काही द्यायचं नाही. ४-२-१ ने ताशी ४८ मिली येतं, दिवसाच्या हिशोबाने ५०. सिस्टर विचारतायत, कुठला आकडा लावू? सर फोन उचलत नाहीयेत.

गणिती_गजा: दोन्ही बरोबर. १४ किलो धरलंय ना? पहिल्या दहा किलोंचे ताशी ४ प्रमाणे ४०, उरलेल्या चार किलोंचे २ प्रमाणे ८. दिवसाचे १००० अधिक २०० म्हणजे १२००, भागिले २४, ५०. तासाचं सूत्र सोपं व्हावं म्हणून आकडे पूर्ण केलेत, फरक तिथून येतो.

वॉर्ड_नंबर_सात: वजन काट्यावर केलंय की वयावरून? वयाच्या सूत्राने ४ वर्षांचं मूल १६ किलोचं निघतं, मग ५२ होतील. आणि मुख्य गोष्ट तू लिहिलीच नाहीस. उपाशी का आहे, आणि बाटली कुठली लावली आहे?

रात्रपाळी_इंटर्न: वजन काट्यावरच, १४. काल अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आयसोलाइट-पी चालू आहे, लहान मुलांना तेच लावतात ना?

सानिकाची_आई: माझ्या मुलीला जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी ओआरएसवरच बरं केलं होतं. चमच्याचमच्याने पाजा, सुई कशाला टोचायची?

वॉर्ड_नंबर_सात: ताई, जुलाबाच्या मुलासाठी तुमचं बरोबर आहे. याला पोटाच्या ऑपरेशनमुळे सध्या तोंडाने द्यायचं नाहीये.

जुना_आरएमओ: आयसोलाइट-पीला नावं ठेवू नका. त्यात साखर आहे, पोटॅशियम आहे, मुलांसाठीच बनवलंय. आम्ही सगळ्यांना हेच लावायचो, मुलं हसत घरी गेली.

वॉर्ड_नंबर_सात: काका, साखर आणि पोटॅशियमचं मान्य. पण सोडियम लिटरला फक्त २५ च्या आसपास, रक्तात १४०. हॉलिडे-सेगर यांनी १९५७ मध्ये निरोगी मुलाची उष्मांकाची गरज धरून पाण्याचा हा ४८-५० वाला हिशोब मांडला. ऑपरेशननंतर दुखणं, उलटी, ताण यांनी एडीएच हे पाणी रोखणारं संप्रेरक वाढतं आणि मूत्रपिंड पाणी सोडत नाही. वरून असं पातळ सलाईन गेलं की सोडियम उतरतं. म्हणून अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ मध्ये २८ दिवस ते १८ वर्षांच्या मुलांना मेंटेनन्ससाठी, म्हणजे रोजची पाण्याची गरज भागवायला, आयसोटोनिकच, म्हणजे रक्ताच्या जवळपास सोडियम असलेलं सलाईन सांगितलं. त्यातून नवजात, हृदय, मूत्रपिंड, यकृताचे आजार, मोठं भाजणं, भरपूर पातळ जुलाब, मेंदूची शस्त्रक्रिया वगळल्यात.

इंटर्न, सोडियम किती आहे? लघवी झाली का? मूल कसं आहे?

रात्रपाळी_इंटर्न: आधी १३७ होतं, पहाटेचं १३१. दोन उलट्या. झोपाळू आहे, भुलीचा असर असेल. पहाटे थोडी गडद लघवी झाली.

वॉर्ड_नंबर_सात: भुलीवर सोडू नकोस. सोडियम उतरतंय, उलट्या आहेत, मूल सुस्त आहे. ती बाटली आत्ता काढ आणि सर नसतील तर ड्युटीवरच्या दुसऱ्या सीनिअरला उठव. डोकं दुखणं वाढलं, हाक मारून उठत नसेल किंवा झटका आला, तर रेटचा विचार बाजूला ठेव. तेव्हा लगेच ३ टक्के सलाईन लागतं, ते सीनिअरच्या हातून.

तोवर डीएनएस. त्यात साखर ५ टक्के, सोडियम १५४. लघवी होतेय आणि क्रिएटिनिन ठीक असेल तर ५०० मिलीत २० मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर होईल इतकं केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, बाटलीत १० मिलीइक्विव्हॅलंट. आपल्याकडच्या अँप्युलमध्ये बहुधा १ मिलीत २ असतात, तर ५ मिली, पण लेबल वाच. घालून बाटली नीट उलटसुलट कर. न मिसळलेलं केसीएल तळाशी बसतं आणि एकदम शिरेत जातं.

रेट मी दोन तृतीयांश धरेन, ताशी ३२. त्यात औषधांचं पाणीही मोजायचं. मेट्रोनिडाझोल २१ मिली तीनदा आणि पॅरासिटामॉल २१ मिली चारदा, म्हणजे १४७ मिली, ताशी सुमारे ६. म्हणून बाटलीतून २६. मायक्रोड्रिप असेल तर मिनिटाला २६ थेंब.

भूलवाली: दोन तृतीयांशला माझा विरोध आहे. आधी हातपाय गार आहेत का, नाडी धावतेय का बघा. गडद लघवी पाणी कमी पडल्यानेही होते. तसं असेल तर रेट कापल्यावर मूल आणखी सुकेल. आयसोटोनिक असेल तर पूर्ण रेटही चालतो.

वॉर्ड_नंबर_सात: सुकलेलं असेल तर आधी बोलस, म्हणजे थोड्या वेळात एकदम दिलेलं सलाईन, तो मेंटेनन्समध्ये मिसळायचा नाही, हे मान्य. नसेल तर मी ३२ वरच राहीन.

जुना_आरएमओ: आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, का नाही मग?

भूलवाली: चालेल, सोडियम १३० आहे. पण साखर नाही आणि मूल रात्रभर उपाशी आहे.

रात्रपाळी_इंटर्न: दुसऱ्या मॅडम आल्या. हातपाय गरम, नाडी ठीक. बाटली बदलली, साखर ९२. मॅडम ४२ म्हणतायत, पूर्ण रेटमधून औषधांचे ६ वजा करून. सहा तासांनी सोडियम पाठवायचंय.

वॉर्ड_नंबर_सात: मॅडमचं ऐक. चार्टवर लघवीचे मिली लिही, नुसतं 'झाली' नको. सकाळी मुलाचं वजन पुन्हा कर. सोडियम आणखी उतरलं तर रेटवर मॅडमशी पुन्हा बोल.