टॅरो, प्रेमाचे प्रश्न आणि पडताळणीची वही : तुमचे अनुभव सांगा

रानजाई
परवा एका मैत्रिणीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "तेव्हा तू सांगितलंस ना, अगदी तस्संच झालं गं!" मला ते रीडिंग अंधूकच आठवत होतं, म्हणून फोन ठेवून जुनी वही काढली. तिच्या आठवणीत एक आहे आणि वहीत दुसरंच.

तिचा प्रश्न होता, "तो परत येईल का?" गणपतीचे दिवस होते. तीन कार्डं काढली: सिक्स ऑफ कप्स, नाइट ऑफ कप्स आणि उलटं टू ऑफ कप्स. त्याच संध्याकाळी मी वहीत लिहिलंय, "दिवाळीपर्यंत तो स्वतःहून संपर्क करेल आणि नातं पुन्हा सुरू होईल." सिक्स ऑफ कप्स म्हणजे जुनं माणूस, नाइट म्हणजे मनातलं घेऊन येणारा, इथपर्यंत ठीक. पण उलट्या टू ऑफ कप्सपुढे मी "तात्पुरता दुरावा" असं लिहिलंय. ती समोर बसून रडत होती, त्यामुळे त्या कार्डाचा जो साधा अर्थ होतो तो माझ्या तोंडून निघालाच नाही.

झालं असं की पाडव्याला त्याचा मेसेज आला, चार दिवस बोलणं झालं आणि मग सगळं थंड. पुढे तिचं दुसरीकडे लग्न झालं, छान चाललंय. तिच्या लक्षात राहिला तो मेसेज. वहीप्रमाणे मात्र एका वाक्यात दोन भाकितं होती, एक खरं आणि एक खोटं. तिला ज्याची आस होती ते खोटं.

तेव्हापासून एका ओळीत एकच गोष्ट लिहिते आणि पुढे शेवटची तारीख. शिवाय कार्डं उलगडण्याआधी, नुसता प्रश्न ऐकून मला काय वाटतं तेही वेगळ्या रकान्यात लिहून ठेवते. या रकान्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. प्रेमाच्या प्रश्नात बहुतेक वेळा आधीचा अंदाज आणि कार्डं पाहून सांगितलेलं एकच निघतं. म्हणजे बोलत होते मी, कार्डं नुसती साक्षीला. जिथे दोन्ही वेगळी असतात त्या नोंदींवर मी आता खूण करते, कारण कार्डांनी काही वेगळं सांगितलं असेल तर ते तिथेच दिसणार.

तुमच्यापैकी कोण अशा नोंदी ठेवतं? चुकलेल्यातून काय कळलं? टॅरोच हवं असं नाही, पत्रिका, प्रश्नकुंडली, काहीही चालेल.

लिंबलोण
मी!!! पोळ्या चालू आहेत, पटकन लिहिते. माझं सगळ्यात जास्त चुकायचं ते "कधी" मध्ये. एट ऑफ वँड्स आलं की मी आठ म्हणायचे, पण आठ काय? आठ दिवसांत झालं तरी बरोबर, आठ आठवड्यांत झालं तरी बरोबर, आठ महिन्यांनी झालं तरी "बघा, आठ आलं होतं". वही भरल्यावर दिसलं की मी तिन्ही मोजतेय. आता पत्ते पिसायच्या आधीच एकक लिहिते, आठवडे तर आठवडे. तेव्हापासून "कधी" बरोबर यायचं प्रमाण धाडकन पडलंय. खरं तेच.

ठाणेकर_मावशी
किती छान धागा. माझ्या मुलाचं बघाल का? ३१ पूर्ण, आयटीत आहे, स्थळं येतात पण पुढे सरकत नाही. जन्मवेळ पाठवू का?

रानजाई
@ठाणेकर_मावशी, मी इथे कुणाचं रीडिंग करत नाही हो, आणि पत्रिकेतलं मला येतही नाही. पण स्थळं कुठे अडतात ते लिहा ना, इथे बरीच अनुभवी मंडळी आहेत.

@लिंबलोण, एकक आधी लिहायचं हे मी उचलते.

कृष्णाकाठ
मी कृष्णमूर्ती पद्धतीने पाहतो, नोंदी पहिल्यापासून आहेत. प्रश्नकर्त्याकडून १ ते २४९ मधला आकडा घ्यायचा, प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहायचा, त्या क्षणाचे शासक ग्रह टिपायचे. विवाहासाठी सप्तम स्थानाचा उपस्वामी २, ७, ११ या स्थानांपैकी कशाचा कार्येश होतो ते पाहायचं. प्रेमप्रकरणात पंचमही लागतं. सगळं त्याच पानावर.

चुकलेल्या नोंदी एकत्र काढल्या तेव्हा लक्षात आलं की जन्मपत्रिकेवरून सांगितलेल्यांत चुका जास्त, आणि त्यातही ज्यांची जन्मवेळ "साधारण साडेआठ" अशी गोल होती त्यांच्या. पत्रिकेतला लग्नबिंदू साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतो. रवीचा उप तर अवघ्या चाळीस कलांचा. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली की उपस्वामीच बदलला. म्हणून घटना घडून गेल्यावर मी जन्मवेळ शुद्ध करून घेतो आणि मग पत्रिका बरोबर जुळते. चूक शास्त्राची नसते, वेळेची असते.

गणिती_मास्तर
कृष्णाकाठ, गोल वेळेचं निरीक्षण मोलाचं आहे. पण शेवटचं पटलं नाही. लग्नाची तारीख कळल्यावर वेळ सरकवली तर जुळणारच, जुळेपर्यंत सरकवतोय ना आपण. पहिलं भाकीत "चूक" असंच राहायला हवं. शुद्ध केलेल्या वेळेवरून पुढची, अजून न घडलेली गोष्ट लिहा आणि तिची पडताळणी करा.

दुसरं. "दोन वर्षांत लग्न होईल" हे भाकीत खरं ठरलं म्हणजे काय? जिच्या घरचे रोज स्थळं पाहतायत तिचं दोन वर्षांत होण्याचीच शक्यता जास्त. पत्रिका न पाहता मी सगळ्यांना "होईल" म्हणालो तरी माझी वही छान दिसेल. तेव्हा आपलं बरोबर आलेलं प्रमाण या "सगळ्यांना हो" वाल्याशी ताडून पाहायला हवं. रानजाईंचा आधीचा रकाना हेच काम करतो, म्हणून मला तो फार आवडला. पाडव्याचा मेसेजही त्यातलाच, दिवाळीला जुनी माणसं मेसेज करतातच.

नारळीकरांनी महाराष्ट्रात जी चाचणी घेतली होती तीही अशीच. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या, बरोबर आल्या ४६ टक्के. नुसतं नाणं उडवलं असतं तरी निम्म्याच्या आसपास आल्या असत्या.

कृष्णाकाठ
ती चाचणी बुद्धीवर होती, विवाहावर नव्हे. प्रत्यक्ष प्रश्नकर्ता समोर नसताना प्रश्नशास्त्र चालत नाही. वेळेच्या शुद्धीकरणावर विचार करतो, पण पूर्ण मान्य नाही.

सोनटक्का
मी पलीकडच्या बाजूची आहे, म्हणजे विचारायला जाणारी. माझं ब्रेकअप झालं तेव्हा तिघांकडे गेले, प्रत्येकाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचे आणि घरी आल्यावर डायरीत उतरवायचे. पहिल्याने सांगितलं, मार्चपर्यंत येईल. मार्च गेला. परत गेले तर म्हणे गुरू बदलला की येईल. गुरू साधारण वर्षभर एका राशीत असतो, म्हणजे आणखी वर्ष. दुसरी टॅरोवाली होती, ती म्हणाली तो मनातून तुझाच आहे पण बोलू शकत नाही. हे कसं पडताळायचं? तिसऱ्या बाईंनी एकट्यांनी सरळ "नाही" सांगितलं. त्यांच्यावर मी चिडले आणि पुन्हा गेलेच नाही.

मधल्या काळात एक चांगलं स्थळ मी थांबवून ठेवलं होतं, ते गेलं. डायरी सलग वाचली त्या रात्री कळलं की पहिल्याची तारीख दर वेळी पुढे जातेय आणि मी दर वेळी पैसे देतेय. रीडिंग देणाऱ्यांनी नोंदी ठेवाव्यातच, पण विचारणारीने तर आधी ठेवाव्यात.

लिंबलोण
सोनटक्का 🫂 वाचून पोटात कालवलं. आता बरी आहेस ना?

सोनटक्का
हो गं, आता पुण्यात नोकरी, मांजर, मजेत. 😊

रानजाई
सोनटक्का, "मनातून तुझाच आहे" हे वाक्य माझ्याही वहीत पुष्कळदा आहे. त्याला ना तारीख, ना पुरावा. अशा ओळींपुढे मी आता "तपासता येत नाही" लिहिते आणि त्या बरोबरमध्येही धरत नाही, चूकमध्येही नाही. त्या बाजूला काढल्यावर उरलेली वही बरीच बारीक झाली.

तिसऱ्या बाईंचं वाचून आणखी एक जाणवलं. त्यांचं भाकीत खरं ठरलं हे त्यांना कधी कळलंच नसेल, कारण तू परत गेली नाहीस. माझ्याकडे उलटं होतं. ज्यांचं मनासारखं झालं त्या पेढे घेऊन येतात, ज्यांचं नाही झालं त्या गप्प. म्हणजे "कळलं नाही" या रकान्यात माझ्या चुकाच जास्त लपलेल्या असणार. म्हणून रीडिंग देतानाच विचारून ठेवते, अमुक तारखेनंतर मी फोन केला तर चालेल का? बहुतेक जणी हो म्हणतात. काहींना तो विषय पुन्हा नको असतो, तिथे मी थांबते.

ठाणेकर_मावशी
आमच्या सासूबाई कॅलेंडरच्या मागे लिहायच्या, अमक्या गुरुजींनी अमुक सांगितलं, पुढे बरोबर किंवा फुली. दुधाचा हिशोब त्याच पानावर. नणंदेच्या लग्नाची फुली अजून आठवते, गुरुजी वैशाख म्हणाले होते आणि झालं मार्गशीर्षात. पण सासूबाई म्हणायच्या, झालं ना, मग बरोबरच. मुलाचं स्थळ उंचीवरून अडतं हो. आणि पगाराच्या अपेक्षा.

अबोली_सांगली
मावशी, उंचीचं तेच आमच्याकडे!! 😅

मी नवीन शिकतेय. १९०९ च्या जुन्या चित्रांचा डेक घेतलाय, तोच तुम्ही वापरता का? नाइट ऑफ कप्स मला फार येतो आणि मी दर वेळी "प्रपोजल येणार" सांगते. मैत्रिणी खूश. पण खरंच कुणाला आलेलं नाही अजून.

रानजाई
@अबोली_सांगली, हो, तोच डेक. तुझ्या वहीत नाइट ऑफ कप्स आलेल्या सगळ्या नोंदी एकाखाली एक लिहून काढ आणि प्रत्येकीसमोर प्रत्यक्षात काय झालं ते लिही. मी केलं तेव्हा त्यात मेसेज होते, भेटी होत्या, एक कविता पाठवणारा होता, पण पुढचं पाऊल टाकणारा जवळपास नाहीच. मग चित्र पुन्हा नीट पाहिलं. त्याचा घोडा सावकाश चालतोय आणि माणूस नजर कपावर लावून बसलाय. नाइट ऑफ स्वोर्ड्सचा घोडा बघ कसा उधळलाय. आता मी "भावना व्यक्त होईल" एवढंच लिहिते.

गणिती_मास्तर
थोडं सांभाळून. एका कार्डाच्या आठदहा नोंदींवरून अर्थ बदलला तर पुढच्या आठदहा नव्याने तपासायला हव्यात, जुन्या त्यात धरायच्या नाहीत. आणि "भावना व्यक्त होईल" हे तर जवळपास नेहमीच खरं ठरेल. कोण व्यक्त करेल, कोणत्या तारखेपर्यंत, कशा रूपात?

रानजाई
हे बरोबर आहे. "समोरचा, महिन्याच्या आत, स्वतःहून बोलेल किंवा लिहील" असं बदलते. नव्या पानावर.

लिंबलोण
दूध ठेवलंय गॅसवर, पळते. रानजाई, उलटी कार्डं तू वेगळी मोजतेस की सरळमध्येच धरतेस? माझी सगळी मिसळलीत, आता वेगळी कशी काढू?

रानजाई
वेगळी. कार्डाच्या नावापुढे खाली बाण काढते, मग शोधायला सोपं जातं. जुन्या नोंदींत लिहिलं नसेल तर आता आठवून बाण काढू नकोस, त्या तशाच राहू दे.

अबोली_सांगली
मावशी, तुमच्या मुलाची उंची किती? माझी आतेबहीण ५ फूट ७ आहे, सहज विचारतेय.

ठाणेकर_मावशी
५ फूट ६. चालेल का विचार ना गं!